बांधाला बीळ नाही

त्या गृहस्थांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "मॅडम, खेकड्याचं बील शोधायचं काय मशीन हाय का तुमच्याकडं?"

माझं ऑफिस पनवेलमध्ये एका ग्रिल बनवणाऱ्याच्या गाळ्यावर आहे. खाली वेल्डिंग चालू असलं की माझ्या टेबलावरचे मातीचे नमुने थरथरतात. माती तपासून घ्यायला माणसं येतात ती जमीन विकत घेतल्यावर. घेण्याआधी यावं हे कुणाला सुचत नाही आणि त्यावरून मी चिडते, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. बहुतेकांना स्विमिंग पूलच्या बाजूला लॉन हवं असतं. एका साहेबांना कातळावर सफरचंद लावायचं होतं. पण खेकड्याचं बीळ शोधायला कुणी आलं नव्हतं, म्हणून मी चहा मागवला आणि त्यांना बसवून घेतलं.

काका मूळचे गव्हाणचे. साठी ओलांडलेले, अंगात पांढरा शर्ट, पायात चांगल्या कंपनीचे बूट, पण बसताना खुर्चीच्या कडेवर बसणारे. त्यांच्या पिढ्या खारजमिनीत भात लावत आल्या. खारजमीन म्हणजे खाडीच्या काठची, भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली शेती. तिचा बराचसा भाग नव्या शहरात गेला, उरलेल्यावर भराव पडत होता. मिळालेल्या पैशातून त्यांनी नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक तुकडा घेतला होता आणि गेल्या पावसाळ्यात त्यात भात लावला होता.

"मग? आला?" मी विचारलं.

"पानीच रावत नाय. पाऊस हाय तवर पानी हाय. पाऊस थांबला का दुसऱ्या दिवशी भुई कोरडी. बांद उंच केला, आनखी उंच केला. आख्खा पावसाला बिलं शोधली. एक खेकडा गावला नाय."

त्यांच्या खारीत पाणी गेलं तर ते बांधातूनच जायचं, आणि बांधातून जायचं ते खेकड्याने पाडलेल्या बिळातून. तिथे शहाणा शेतकरी हातात चिखलाचा गोळा घेऊन बांधावरून फिरतो आणि बीळ दिसलं की बुजवतो. हे काका डोंगराच्या पायथ्याशी, खाडीपासून इतक्या लांब, भर पावसात चिखलाचा गोळा घेऊन फिरले होते. मला हसू आलं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं, पण रागावले नाहीत.

"भात कशाला हवाय पण?" मी विचारलं. "तांदूळ तर बाजारात मिळतो."

"मिलतो ना," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

मला ते उत्तर पुरलं नाही. मी लोकांच्या जमिनीत खड्डे खणते ते पोटासाठी, हे खरंच. पण खरं सांगायचं तर खाली काय आहे हे बघायची हाव मला लहानपणापासून आहे. माणसांच्या बाबतीतही माझं तेच होतं.

थंडीच्या दिवसांत मी जागेवर गेले. काकांबरोबर काकी होत्या, त्यांच्या पत्नी. नाकात मोठी नथनी, हातात पिशवी, तोंडात एक शब्द नाही. तुकडा छान उताराचा होता. कडेला ऐनाची झाडं, करवंदीच्या जाळ्या, एक जुना रायवळ आंबा, आणि सगळ्यात खालच्या बाजूला नाला. मधोमध काकांचा बांध. तो बांध बघून मी थबकलेच. चोपून चोपून असा घातलेला की वरून बैल चालवावा. उतारावरच्या मुरमाड जागेत असा बांध मी कधीच पाहिला नव्हता.

आम्ही खड्डा घेतला. गडी खणत होते आणि मी आत उतरून भिंत खरवडत होते. वरची माती हातभर, तांबूस, भुसभुशीत. तिच्याखाली मुरूम, म्हणजे झिजून मऊ झालेला खडक, पहारीला सहज फुटणारा, भेगाभेगांचा. त्या भेगांतून बारीक मुळं खाली गेली होती. कुणाची ते मी वर पाहिल्यावर कळलं, रायवळ आंबा बराच लांब उभा होता. मी मातीचा ओला गोळा करून अंगठ्याने त्याची पट्टी काढायला गेले. खारीची माती असती तर पट्टी बोटभर लांब लोंबली असती. ही निघता निघता तुटत होती.

मग पाणी ओतलं. कोरड्या खड्ड्यातलं पाणी आधी माती पिते, त्यावरून काही कळत नाही. म्हणून एक छोटा खड्डा आदल्या दिवशीच भरून भिजवून ठेवायला सांगितला होता. त्यात पुन्हा पाणी भरलं, खूण केलेली काठी उभी केली, आणि आम्ही तिघं भोवती बसलो. पाणी डोळ्यांदेखत खाली सरकायला लागलं. काका खड्ड्यावर वाकून चारही बाजू बघत होते.

"काय शोधताय?"

"बील," ते म्हणाले.

काकी तेव्हा पहिल्यांदा हसल्या. मीही हसले. काका मात्र हसले नाहीत, ते त्या उतरत्या पाण्याकडे असे बघत होते की माझंच हसू आवरलं. हा माणूस शेतीचा शौक करत नाहीये, याचं काहीतरी अडलंय, असं मला त्या क्षणी नक्की वाटलं. पण विचारलं तर परत "मिलतो ना" ऐकायला लागलं असतं.

मोठ्या लोकांना मी इंग्रजीत रिपोर्ट देते, आकड्यांचे तक्ते लावून, कारण त्यांना तो बँकेत दाखवायचा असतो. काकांना मी मराठीत पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ते असं होतं:

"सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न होता की बांध कुठे गळतो. तुमचा बांध गळत नाही. त्यात खोट काढायला मी दोनदा फिरले, मिळाली नाही. पाणी बांधातून जात नाही, ते सरळ खाली जातं.

भाताला पायाशी पाणी उभं लागतं. पाणी उभं राहायला खालचा थर घट्ट हवा. तुमच्या खारीत चिकणमाती खोलवर होती. चिखलणी केली की तिचे बारीक कण मातीतली भोकं बुजवत आणि तळ भांड्यासारखा होई. बांध त्या भांड्याचा काठ होता. इथे तुम्ही काठ उत्तम घातलात, पण भांड्याला तळ नाही. वरच्या मातीत चिकणमाती कमी, त्यामुळे कितीही चिखलणी केली तरी भोकं बुजत नाहीत, आणि खाली मुरमाच्या भेगा आहेत. काठ उंच करून उपयोग नाही.

मातीचा रंगही तेच सांगतो. जिथे पाणी महिनोन् महिने साचतं तिथली माती करडी होते आणि मुळांच्या वाटेने तिच्यात गंजासारख्या रेघा दिसतात. तुमच्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत एकसारखा तांबूस रंग आहे. या मातीने कधीच फार काळ पाणी धरलेलं नाही.

आता जमीन वाईट आहे असं समजू नका. जे भाताला मारतं तेच झाडाला तारतं. आंब्याच्या मुळांशी पाणी तुंबलं तर त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. इथे तुंबणार नाही. मुरूम मऊ आहे, भेगांतून मुळं खोल उतरतील आणि खाली मुरलेला ओलावा त्यांना नंतर मिळेल. तुमचा रायवळ आंबा हेच करून जगला आहे. आंबा, काजू, फणस, कोकम, चारही इथे होतील. खड्डे उन्हाळ्यात खणा, वरची माती वेगळी काढा, शेणखत मिसळून तीच परत भरा, आणि पाऊस लागल्यावर कलमं लावा. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागेल. बांध मोडू नका. तो माती वाहू देणार नाही. फक्त जादा पाण्याला बाजूने वाट करून द्या.

भात इथे लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे."

पत्र मला आवडलं होतं. भांड्याचा तळ वगैरे लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन दुसरा चहा मागवला होता.

मे महिन्यात काकांचा फोन आला. आवाज एकदम उत्साहात. "मॅडम, या बगायला. तल आनलाय."

"काय आणलाय?"

"तल! तुमीच लिवलाव ना, भांड्याला तल नाय म्हनून?"

मी रिक्षाने निघाले. पोचले तर तुकड्याच्या वरच्या अंगाला एक टेम्पो उभा, मागचं फाळकं उघडं, आणि त्यात काळाकरडा, ओला, खाडीचा वास मारणारा चिखल. गव्हाणला काकांच्या पुतण्याचं भाताचं एक खाचर उरलं होतं, त्यावर आता भराव पडायचा होता. त्याआधी काकांनी तिथला चिखल त्याच्या परवानगीने भरून आणला होता. आणखी टेम्पो सांगून ठेवले होते. बेत असा की सगळ्या तुकड्यावर खारीचा थर द्यायचा. त्याच तुकड्यावर, माझ्या पत्राप्रमाणे, आंब्यासाठी खड्डेही खणून तयार होते.

माझा तोल गेला. "काका, या चिखलात मीठ आहे! वरून टाकलात तर पहिल्या पावसात मीठ खड्ड्यांत उतरेल. आंब्याला मीठ चालत नाही, पानांच्या कडा करपतील, कलमं जगणार नाहीत. मी पत्रात काय लिहिलंय? भात लावू नका असं लिहिलंय! तेवढं सोडून तुम्ही भांड्याचं वाचलंत!"

टेम्पोवाला बिडी विझवून बाजूला झाला. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली, पण मुद्दा खरा होता म्हणून मी हटले नाही.

तेवढ्यात काकी आल्या, त्यांनी पिशवीतून पेंढ्याने गच्च बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि माझ्यासमोर धरलं. आमच्याकडे भाताचं बियाणं असं पेंढ्यात आवळून ठेवतात, त्याला मुडी म्हणतात. पण मुडी चांगली डोक्यावर घ्यावी एवढी असते. ही नारळाएवढी होती.

"यो राता हाय," काकी म्हणाल्या. "खारीतला. लाल तांदूल. खाऱ्या पान्यात तगतो. माज्या सासूनं दिला, तिला तिच्या सासूनं. दर साल लावायचा. नाय लावला त मरतो."

बियाणं कोरड्या घरात एखादं वर्ष टिकतं, फार तर दोन. मग उगवण घसरत जाते. हे मी कॉलेजात शिकले होते. काकींनी ते दुसऱ्या तऱ्हेने पाहिलं होतं. आपली जमीन गेल्यावर त्यांनी पुतण्याच्या खाचराच्या कोपऱ्यात राता जगवला. गेल्या वर्षी निम्मं बी विश्वासाने या डोंगरात लावलं आणि पाण्यावाचून ते सगळं वाळलं. पुतण्याकडचं पीक भरावाच्या गाड्यांनी अर्धं तुडवलं. राहिलं ते हे, त्यांच्या हातातलं. घरात थोडं ओल्या फडक्यात बांधून पाहिलं तर मोड आले, पण सगळ्यांना नाही. यंदा नाही लावलं तर पुढच्या वर्षी लावायला काही राहणार नव्हतं. गावात आणखी कुणाकडे राता उरला नव्हता, त्या घरोघर विचारून आल्या होत्या.

मी टेम्पोच्या चाकापाशी बसले. काकांनी मला पाणी का राहत नाही एवढंच विचारलं होतं आणि मी तेवढंच सांगितलं होतं, बरोबर सांगितलं होतं. पण त्यांना भात नको होता, त्यांना राता मरू द्यायचा नव्हता. तो प्रश्न त्यांनी विचारला असता तर मी दुसरं पत्र लिहिलं असतं.

"हे आधी का नाही सांगितलं?" मी काकांना म्हटलं.

"मूठभर बियान्यासाठी मॅडमला बोलावलं म्हंजे हसल्या आसत्या," काका म्हणाले.

हसले असते का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी उठले आणि नाल्याच्या बाजूला चालायला लागले. डोकं भराभर चालत होतं आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली होती. अख्ख्या जमिनीला तळ बसवता येत नाही, पण घराच्या ओटीएवढ्या जागेला येतो. मूठभर बियाण्याला तेवढी पुरते. आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, नाल्याला लागून केली, तर मीठ वरच्या झाडांकडे चढणार नाही. ते पावसाबरोबर नाल्यात जाईल आणि पुढे खाडीला, जिथून आलं तिथेच.

त्याच दिवशी कोपरा खणायला घेतला. मुरूम लागेपर्यंत वरची माती काढली. टेम्पो खाली आणला, बाकीच्या टेम्पोंना नको म्हणून फोन गेले. चिखलाचा एकेक थर टाकायचा आणि पायाने तुडवायचा, मग वर दुसरा. खारीच्या मातीत एक गुण आहे, तिच्यातल्या मिठामुळेच तिचे कण सुटे होतात आणि तुडवल्यावर असे दाटून बसतात की पाण्याला फट मिळत नाही. शेतकऱ्याला एरवी डोकेदुखी, आम्हाला त्या दिवशी हवी तीच गोष्ट. काकी लुगड्याचा काष्टा आवळून तुडवत होत्या. मी चपला काढून उतरले तर काका म्हणाले, "मॅडम, तुमचा पाय हलका पडतो," आणि स्वतः बूट काढून आले. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं खारीत उतरले तेव्हा काकी पडल्या होत्या, हे काकांनी मला तिथे सांगितलं. काकींनी त्यांच्या अंगावर चिखल उडवला.

काकांनी त्या कोपऱ्याभोवती छोटा बांध घातला, अर्थातच सुरेख. चिखल वाळला तर भेगा पडणार म्हणून वर पेंढा पसरून रोज पाणी शिंपायचं ठरलं. निघण्याआधी मी बऱ्याच बादल्या पाणी ओतून माझी खुणेची काठी रोवली. आम्ही तिघं पुन्हा भोवती बसलो. पाणी खुणेवरून हललं नाही. काकींनी हात जोडले. कुणाला ते मी विचारलं नाही.

पाऊस लागल्यावर वरच्या खड्ड्यांत कलमं गेली. खाली काकींनी बियाण्याला घरी मोड आणले आणि ते हाताने चिखलावर फेकलं. मी काही ना काही निमित्त काढून जात राहिले. मधे पाऊस ओढला तेव्हा वरची भुई नेहमीसारखी कोरडी पडली आणि कोपऱ्यात पाणी तसंच उभं होतं, त्यात राताची पाती. काका आंब्यांकडे ढुंकूनही बघत नव्हते. मीच प्रत्येक कलमाचं पान उलटून पाहत होते. एकाचीही कड करपलेली नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला मी गेले तेव्हा लोंब्या वाकल्या होत्या. आमच्याकडे दसऱ्याला दाराला नवं बांधतात, भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडू असं एकत्र. काकींनी रायवळाची पानं काढून ठेवली होती. त्यांनी एक लोंबी तोडली, एकच, आणि ती घराच्या दारासाठी पदरात बांधली.

माझ्या मनात मात्र दुसरंच घोळत होतं. एवढा जीव टाकलेला तांदूळ लागतो तरी कसा? मला ते महिन्यांपासून छळत होतं. मी सरळ विचारलं, "काकी, भात कधी खाऊ घालताय मला?"

"यंदा नाय," त्या म्हणाल्या. "यंदा एक दाना खायचा नाय. सगला बियान्याला. पुढल्या साली आजून थोडी जागा तुडवू, मंग त्याच्या पुढल्या साली बगू."

दिवाळीनंतर दोघं माझ्या ऑफिसात आले. खाली वेल्डिंग चालू होतं. काकी खुर्चीत नीट बसल्या आणि पिशवीतून दोन मुड्या काढल्या. एक नारळाहून मोठी, ती त्यांनी दाखवून परत आत ठेवली. दुसरी संत्र्याएवढी, पेंढा नवा, अजून पिवळाधमक. ती त्यांनी माझ्या टेबलावर, मातीच्या नमुन्यांच्या शेजारी ठेवली.

"ही तुमची," त्या म्हणाल्या.

मला वाटलं खायला दिली. "अहो, मला तुसासकट थोडीच शिजवता येणार?" मी म्हटलं.

"शिजवायची नाय. लावायची." काकी माझ्याकडे रोखून बघत होत्या. "सगला आमच्याच घरात ठेवला, म्हनून गेल्या साली घाबरलो. आमचा बुडला, त तुमचा आसंल."

"मी कुठे लावू? मी चौथ्या मजल्यावर राहते, काकी."

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमाला सांगितलाव ना कुठं लावायचा," ते म्हणाले. "तसं सोताला लिवा एक पत्र."

ती मुडी आता माझ्या कपाटात आहे. माझ्या बाल्कनीत बसेल असा मोठा प्लास्टिकचा टब मी आणला आहे, आणि एका रविवारी काका गव्हाणच्या खाडीकाठून गोणीभर खारीचा चिखल घेऊन जिने चढून आले. टबाला तळ आहे, हे त्यांनी दोनदा वाजवून पाहिलं. पाऊस जवळ आलाय आणि मला झोप नीट लागत नाही. दुसऱ्यांच्या जमिनीबद्दल इतकी वर्षं मी खात्रीने लिहीत आले. एक दाणा उगवला नाही तर काकींना काय सांगायचं, याचा कागद अजून कोरा आहे.